फोन कोण उचलेल, ते आधी ठरव

तुझ्या अभ्यासात कुणाला सुई टोचायची नाही, कुठलं नवं औषध द्यायचं नाही. त्यामुळे कमिटीच्या फॉर्ममध्ये ‘सहभागी व्यक्तींना संभाव्य धोका’ हा रकाना आला की तिथे ‘काही नाही’ असं लिहून पुढे जावंसं वाटेल. तसं लिहू नकोस. आयव्हीएफ घेतलेल्या बाईला तुझ्या अभ्यासापासून एकच धोका आहे आणि तो मोठा आहे. तिने जे घरात, भावकीत, गावात कुणाला सांगितलेलं नाही, ते तुझ्यामुळे कुणाला तरी कळेल. कऱ्हाड, मिरज, सांगली, सातारा ही गावं तशी लहानच. केसपेपर काढणारा कर्मचारी तिच्या माहेरचा निघू शकतो. एथिक्स कमिटीच्या कामात मी बरीच वर्षं घालवली. तेव्हा पाहिलं की अशा अभ्यासाचे अर्ज विज्ञानावर क्वचित अडतात. ते अडतात ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ या एका वाक्यावर, कारण ती कशी ठेवणार हे पुढे लिहिलेलं नसतं. म्हणून तुला जे सांगते आहे ते बहुतेक त्या ‘कशी’बद्दलच आहे.

आधी अभ्यास नक्की करू. तुझ्या मनात दोन गोष्टी आहेत असं मी धरते. पहिली, मागच्या पाच वर्षांत एका खासगी केंद्रात आयव्हीएफ घेतलेल्या जोडप्यांचे केसपेपर चाळून किती जणींना मूल झालं ते पाहणं. दुसरी, पुढच्या वर्षभरात उपचार सुरू करणाऱ्या जोडप्यांची नोंद ठेवून, नंतर फोन करून बाळंतपणापर्यंतची माहिती घेणं, आणि ज्यांनी उपचार मध्येच सोडले त्यांना कारण विचारणं. हे एका प्रबंधात बसतं, पण नैतिकतेच्या दृष्टीने हे दोन वेगळे अभ्यास आहेत. अर्जातही त्यांना ‘भाग अ’ आणि ‘भाग ब’ अशी वेगळी नावं दे. पहिल्यात तू कुणालाच भेटणार नाहीस, दुसऱ्यात प्रत्येकीशी बोलणार आहेस. संमती, धोका, माहितीची साठवण, सगळं दोन्हींत वेगळं येतं. एकत्र लिहिलंस की कमिटी दोन्ही परत पाठवते.

भाग अ आधी घेऊ, कारण सगळ्यांना तो सोपा वाटतो. जुन्या केसपेपरांसाठी प्रत्येक जोडप्याला गाठून संमती घेणं बहुतेक वेळा जमत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा अभ्यासाला संमतीतून सूट मागण्याची सोय आहे. पण ती मागावी लागते आणि कमिटीने द्यावी लागते. ‘जुना रेकॉर्ड आहे, संमती लागत नाही’ असं तू स्वतः ठरवू शकत नाहीस. सूट मागताना दोन गोष्टी तुझ्या शब्दांत सिद्ध कर. संमती घेणं व्यवहारात का शक्य नाही, आणि माहितीतून माणसाची ओळख कशी काढून टाकली जाईल. पहिल्यासाठी मी एक कारण सुचवते, आणि ते आपल्या भागात खरं आहे. पाच वर्षांपूर्वी उपचार घेऊन गेलेल्या बाईला अचानक फोन करून ‘तुमच्या आयव्हीएफच्या रेकॉर्डसाठी परवानगी हवी’ असं म्हणणं हेच तिची गोष्ट फोडणं ठरू शकतं. म्हणजे इथे संमती मागण्याचा धोका रेकॉर्ड पाहण्याच्या धोक्यापेक्षा जास्त आहे. हे वाक्य अर्जात सरळ लिही.

पण त्याआधी एक अडचण आहे आणि पुष्कळांना ती दिसत नाही. एआरटीचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याप्रमाणे जोडप्याची, उपचारांची आणि दात्याची माहिती केंद्राने गुप्त ठेवायची असते. ती उघड करायला कायद्याने अगदी मोजक्या वाटा ठेवल्या आहेत: राष्ट्रीय नोंदणीला, वैद्यकीय तातडीत त्या जोडप्याच्या विनंतीवरून, किंवा न्यायालयाच्या आदेशाने. ‘मेडिकल कॉलेजच्या रेसिडेंटला प्रबंधासाठी’ अशी वाट त्यात नाही. तू कॉलेजची आणि केंद्र खासगी, तर केंद्राचा मालक तुझ्या गाइडचा मित्र असला तरी तू त्यांच्या कपाटाशी बसून नावांसकट केसपेपर वाचायचे नाहीत.

यातून वाट निघते. केसपेपरमधून माहिती काढण्याचं काम केंद्राच्याच माणसाने करायचं, म्हणजे ज्याला ते कागद रोजच्या कामात पाहायचा अधिकार आहेच त्याने. तू त्याला कोरा तक्ता द्यायचा. त्यात कुठले रकाने हवेत ते ठरलेलं असेल, आणि नाव, पत्ता, फोन, आधार क्रमांक, केसपेपर नंबर हे रकाने त्यात मुळातच नसतील. भरलेला तक्ता तुझ्याकडे येईल. त्यात प्रत्येक ओळीला एक नवा क्रमांक असेल आणि तो क्रमांक कुणाचा, ही किल्ली-यादी केंद्रातच कुलपात राहील. तुला एखादी नोंद चुकीची वाटली, तर तू क्रमांक सांगून विचारायचंस आणि त्यांनी कागद पाहून उत्तर द्यायचं. या पद्धतीत तुझे थोडे जास्त दिवस जातील. कमिटीला मात्र पहिल्या वाचनातच दिसेल की कायदा तुझ्या ध्यानात आहे.

केंद्राच्या प्रमुखाचं लेखी परवानगीपत्र जोड आणि त्या पत्रात हीच पद्धत लिहून घे. ‘डेटा देण्यास हरकत नाही’ एवढ्या ओळीचा उपयोग नाही. केंद्राची स्वतःची एथिक्स कमिटी नसेल तर तुझ्या संस्थेच्या कमिटीने तिथलं काम तपासायचं, असा करार दोन्ही संस्थांत आधी व्हायला हवा. ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हेही पाहा; २०१९ च्या नियमांपासून ते बंधनकारक आहे.

आता ओळख काढून टाकणं म्हणजे काय ते. नाव खोडलं की काम झालं असं समजू नकोस. एक ओळ घे: वय ४१, तालुका जत, दात्याचं स्त्रीबीज, ट्रान्सफर १४ ऑगस्ट, पुढच्या एप्रिलमध्ये जुळं. ही ओळ मी मनाने रचली आहे, पण अशी ओळ तुझ्या तक्त्यात असेल. यात नाव कुठे आहे? तरी त्या भागातल्या आशाताईंच्या, नर्सबाईंच्या किंवा दूरच्या नणंदेच्या हातात हा कागद पडला, तर चाळिशीत जुळं झालेली बाई कोण ते त्यांना लगेच कळेल. आणि नाव सापडल्याबरोबर ‘दात्याचं स्त्रीबीज’ हे दोन शब्दही त्यांना कळतील, जे तिने आणि तिच्या नवऱ्याने जन्मभर स्वतःपाशी ठेवायचं ठरवलं असेल. नुकसान होतं ते इथे.

म्हणून रकाना रकाना घेऊन विचार कर की हा मला कशासाठी हवा. वय हवं, कारण निकाल वयावर फार अवलंबून असतो. पण ४१ कशाला, ‘४० ते ४२’ पुरेल. पन्नाशीपुढच्या जुन्या नोंदी असतील तर त्या ‘४३ आणि पुढे’ या गटात घाल; आता कायद्याने बाईसाठी मर्यादा ५० वर्षांची आहे, त्यामुळे तशी एखादीच ओळ चटकन डोळ्यात भरते. तालुका मला तरी लागेलसा वाटत नाही. केंद्रापर्यंतचं अंतर हा तुझा प्रश्न असेल, तर केंद्राच्या माणसाने ‘५० किलोमीटरच्या आत’ आणि ‘पलीकडे’ एवढंच भरून द्यावं. तारीख तर मुळीच नको. तारखेवरून तुला फक्त अवधी काढायचा असतो, तेव्हा केंद्राने आपल्या प्रतीत तो काढावा आणि तुला आकडे द्यावेत. इंजेक्शनं सुरू झाल्याची तारीख B रकान्यात आणि ट्रान्सफरची C मध्ये असली, तर हे एवढंच:

```
=C2-B2
```

त्यानंतर तो रकाना ‘फक्त किंमत’ म्हणून चिकटवायचा आणि तारखांचे दोन्ही रकाने खोडायचे. नुसते लपवायचे नाहीत. लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये परत दिसतो, आणि माझ्या पाहण्यात फाइल फुटायचं सगळ्यात साधं कारण तेच आहे. फाइलचं नाव, शीटच्या टॅबचं नाव आणि शेऱ्याचा रकाना यांवरही नजर ठेव. शेऱ्यात कुणीतरी ‘पाटील सरांची भाची’ असं लिहून ठेवलेलं असतं. सोनोग्राफीचे फोटो तर नकोच. त्यांच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं.

शेवटच्या तक्त्याचंही आत्ताच लिहून ठेव. प्रबंधात जिथे एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं येतील, तिथे आकडा न देता गट एकत्र करायचे. आणि एकच चौकट झाकून बेरीज उघडी ठेवायची नाही, कारण बेरजेतून बाकीचे वजा केले की झाकलेला आकडा मिळतो. हे दोन नियम कमिटीच्या संख्याशास्त्र जाणणाऱ्या सभासदाला हवे असतात, आणि ते क्वचितच कुणी आपणहून लिहितं.

बाळ मुलगा की मुलगी हा रकाना काढून टाक. तुझ्या प्रश्नाला तो लागत नाही. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूणांचे अवशेष सापडले, ते या भागातला कुठलाही सभासद विसरलेला नाही. एआरटीच्या अभ्यासात तो रकाना दिसला की कमिटी कारण विचारणार, आणि विचारायलाच हवं. त्याहून मोठं कारण माझ्या मते असं की, इतक्या वर्षांनी मूल झालेल्या बाईला फोनवर ‘काय झालं?’ असं विचारणं आपल्याकडे साधा प्रश्न नसतो. तिने तो घरात किती वेळा आणि कुठल्या सुरात ऐकला असेल!

आता भाग ब. इथे तुला संमती घ्यायची आहे, आणि ती दोघांची वेगवेगळी घ्यायची आहे. उपचाराच्या संमतीपत्रावर दोघांच्या सह्या असतातच, पण ते पत्र उपचाराचं. अभ्यासाचं पत्र वेगळं, कागद वेगळा, वेळ वेगळी. ‘उपचाराच्या फॉर्ममध्येच एक ओळ घालू’ असं केंद्राचा मॅनेजर सुचवेल, ऐकू नकोस. त्या गठ्ठ्यात ती ओळ कुणी वाचत नाही.

दोघांना वेगवेगळं बसवून विचार. एकत्र बसले की नवरा उत्तर देतो आणि बाई मान हलवते, किंवा सोबत आलेल्या सासूबाई दोघांच्या वतीने बोलतात. नवऱ्याचा होकार म्हणजे बायकोचा होकार नाही, हे मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. उलटही खरं आहे. दोष शुक्राणूंत असेल तर तो नोंदला जाणार आहे, हे नवऱ्याला एकट्याला समजावून सांगितलं पाहिजे. पुढे दोघांपैकी एकाने माघार घेतली तर काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये आत्ताच लिही. सायकल दोघांची असते, एकाची माहिती काढून दुसऱ्याची ठेवता येत नाही. माझा सल्ला असा की, एकाने माघार घेतली की पुढची सगळी माहिती घेणं थांबवायचं, आणि त्या जोडप्याची ओळ विश्लेषणात गेली नसेल तर पूर्ण काढायची. मात्र विश्लेषण झाल्यावर ओळ काढता येणार नाही, हे माहितीपत्रकात तारखेसह सांगायचं, म्हणजे ‘केव्हाही माघार घेऊ शकता’ हे वाक्य खोटं ठरणार नाही.

विचारायची वेळ हा माझा आवडता मुद्दा आहे, आणि अर्जांत तो बहुधा नसतोच. पिकअपच्या दिवशी बाई भुलीच्या अमलाखाली असते. ट्रान्सफरच्या दिवशी ती श्वास रोखून असते, आणि डॉक्टर म्हणतील त्याला हो म्हणते. बीटाचा रिपोर्ट येतो त्या दिवशी तर तिच्याशी कशाचंच बोलू नये. तेव्हा पहिल्या किंवा दुसऱ्या ओपीडीला माहितीपत्रक हातात दे, घरी नेऊ दे, पण कुणाच्या हाती लागू नये असं वाटत असेल तर ‘इथेच ठेवून जा’ हा पर्यायही दे. सही इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीच्या भेटीत घे. आणि विचारणारी व्यक्ती तिच्यावर उपचार करणारी नको. ज्यांच्या हातात आपलं मूल होणं आहे त्या डॉक्टरांना नाही म्हणणं कुणालाही जड जातं. केंद्रात समुपदेशक असतात, पण त्याही केंद्राच्याच. शक्य असेल तर तुझ्या कॉलेजची, उपचारात हात नसलेली कुणी असावी.

माहितीपत्रक मराठीत आधी लिही, इंग्रजीत नंतर. आपल्याकडे नेहमी उलटं होतं आणि मग ‘भ्रूण प्रत्यारोपणोत्तर परिणामांचे मूल्यमापन’ असं काहीतरी छापून येतं. ‘तुमच्या गर्भाशयात गर्भ सोडल्यानंतर दिवस राहिले का, आणि बाळंतपण कसं झालं, हे आम्ही विचारणार आहोत’ एवढं पुरतं. ‘वंध्यत्व’ हा शब्द पहिल्या ओळीत नको, शीर्षकात तर नकोच. कागद घडी उलगडून पडला तर शीर्षक आधी दिसतं. ‘उपचारांनंतरच्या तब्येतीचा अभ्यास’ असं शीर्षक चालेल. हा बदल कमिटीला सांगूनच कर, कारण शीर्षकात खरं लपवलं असा कुणी आक्षेप घेऊ शकतो. आतल्या मजकुरात सगळं स्पष्ट असलं की तो आक्षेप राहत नाही. कमिटीत एक सामान्य नागरिक सभासद असतो. त्यांना पत्रक मोठ्याने वाचायला सांग, बैठकीच्या आधीच जमलं तर उत्तम. ते जिथे अडखळतील तिथे तुझं वाक्य बदल. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो; तो केंद्राचा शिपाई किंवा तिचा दीर नसावा.

पत्रकात दोन वाक्यं ठळक हवीत. एक, अभ्यासात आलात किंवा नाही आलात तरी उपचार, त्यांचा खर्च आणि नंबर यांत काही बदल होणार नाही. दोन, ही माहिती तुमच्याबद्दल काही निर्णय घ्यायला वापरली जाणार नाही. दुसऱ्या वाक्याला कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घेतला जाऊ नये, ही तिची अट आहे. मात्र त्या सवलतीने एआरटी कायद्यातली गुप्तता सुटते असं समजू नकोस. दोन्ही एकाच वेळी पाळायच्या. जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा असेल तर आटपाडीहून मिरजेपर्यंतचं एसटीचं भाडं दे, ते रास्त आहे. ‘अभ्यासात आलात तर एक स्कॅन मोफत’ हे आमिष होतं.

आता फोन. भाग ब चं खरं काम तिथे आहे आणि धोकाही तिथेच.

आपल्या भागातली घरं कशी विखुरलेली असतात ते आठव. खानापूर-विट्याकडची गलाईची माणसं सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, आणि उपचारासाठी गावी येतात तेव्हा केसपेपरवर नंबर सासऱ्यांचा लिहिला जातो. पाटण-जावळीकडचा नवरा नवी मुंबईत माथाडी कामगार, बायको गावी; केंद्राकडे नंबर त्याचा. तू आठ महिन्यांनी फोन करशील आणि तो उचलणारं माणूस दुसरंच कुणी असेल. त्याने विचारलं ‘कोण बोलतंय?’ तर तू काय सांगशील? ‘अमुक आयव्हीएफ सेंटरकडून’ असं म्हणालीस की झालं. खोटं नाव सांगणंही बरोबर नाही.

म्हणून संमतीच्या वेळीच एक छोटा कागद भरून घे. कुठल्या नंबरवर फोन करायचा, दिवसा की संध्याकाळी, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, मेसेज चालेल का. हे बाईने स्वतः सांगायचं. कुणी म्हणेल, ‘मैत्रीण बोलते असं सांगा.’ त्यापेक्षा ‘डॉ. अमुक, वैयक्तिक काम होतं, पुन्हा करते’ हे खरंही आहे आणि काही सांगतही नाही. कुणी म्हणेल, फोन करूच नका, मी तुम्हाला करीन. तोही पर्याय ठेव, त्यासाठी एक स्वतंत्र नंबर ठेव, आणि त्याला व्हॉट्सअॅपवर फोटो किंवा केंद्राचं नाव लावू नको. किती वेळा प्रयत्न करायचा ते आधी लिही; मी तीन म्हणते, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. नंतर थांबायचं. तीनदा न उचलणं हेही उत्तर असू शकतं.

फोनचा मजकूर शब्दशः लिहून अर्जाला जोड. पहिलं वाक्य तिच्या वेळेबद्दल असावं: ‘आत्ता बोलता येईल का, की दुसऱ्या वेळी करू?’ ‘बाळ कसं आहे?’ या वाक्याने कधी सुरुवात करू नकोस. काहींचा गर्भ राहिलेला नसतो, काहींचा पडलेला असतो, काहींचं बाळ गेलेलं असतं. ‘उपचारांनंतर तुमची तब्येत कशी आहे?’ असं विचारलं की ज्यांना सांगायचं ते सांगतात. ती रडू लागली तर प्रश्नावली थांबवायची, समुपदेशकांचा नंबर द्यायचा, आणि पुन्हा फोन करायचा का ते तिला विचारायचं. हा टप्पा अर्जात लिहिलास, तरच ‘धोका कमी कसा करणार’ या रकान्याला अर्थ येतो. यामुळेच भाग ब साठी पूर्ण कमिटीपुढे जायची तयारी ठेव. जलद मंजुरी मागण्यात वेळ घालवू नकोस.

कमिटी ‘यश’ म्हणजे काय ते विचारेल, आणि हा प्रश्न नैतिकतेचाच आहे. उदाहरण घे. १०० सायकली सुरू झाल्या, त्यांतल्या ७० ट्रान्सफरपर्यंत पोहोचल्या, २८ जणींना दिवस राहिले, २० जणींना जिवंत बाळ झालं. दिवस राहिलेल्या भागिले ट्रान्सफर असं काढलंस तर ४० टक्के. जिवंत जन्म भागिले सुरू झालेल्या सायकली असं काढलंस तर २० टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण पहिलं फलकावर लावण्यासारखं आहे, आणि केंद्राचा मालक तेच मागेल. बाईचे पैसे, इंजेक्शनं आणि आशा पहिल्या दिवसापासून खर्ची पडतात, म्हणून मला दुसरा आकडाच प्रामाणिक वाटतो. मुख्य निकाल ‘सुरू झालेल्या सायकलमागे जिवंत जन्म’ असा प्रोटोकॉलमध्ये आधीच बांधून घे. आकडा कसाही आला तरी छापला जाईल आणि केंद्र जाहिरातीत वापरणार नाही, हे केंद्राच्या पत्रात लिहून घे. गाइडचा त्या केंद्रात हिस्सा असेल तर हितसंबंधाच्या रकान्यात ते उघड सांग. मागाहून कळलं तर सगळा अर्ज संशयात येतो.

साठवणुकीचं थोडक्यात. तुझ्या लॅपटॉपवर फाइल ठेवणार असशील तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, आणि पासवर्ड स्टिकरवर नको. फाइल व्हॉट्सअॅपवर किंवा ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशा परवानगीने पाठवायची नाही. संमतीपत्रं आणि तक्ता एका कपाटात नको, कारण दोन्ही एकत्र सापडले तर किल्ली-यादी आपोआप तयार होते. किल्ली-यादी केव्हा नष्ट करणार ती तारीख लिही. अभ्यास संपल्यावर तीन वर्षं असं मी सुचवते. केंद्राचे मूळ केसपेपर मात्र कायद्याने निदान दहा वर्षं त्यांच्याकडे राहायचेत. त्यांना हात लावायचा नाही.

अर्ज आयसीएमआरच्या २०१९ च्या सामाईक नमुन्यात भर, प्रत्येक पानाच्या तळाला आवृत्ती आणि तारीख टाक. कमिटीचे शेरे आले की त्यांचं एकेक उत्तर त्याच क्रमाने दे, आणि बदललेला मजकूर ठळक करून जोड. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकही ओळ भरू नकोस, ‘चाचणी म्हणून पाच केसेस पाहिल्या’ असंही नको. आधी गोळा केलेल्या माहितीला नंतर मंजुरी मिळत नाही. ती फेकावी लागते, आणि ज्या बाईचा केसपेपर विनाकारण उघडला गेला तिला ते कधी कळतही नाही. पत्र आलं की त्यातल्या अटी वाच, मंजूर आवृत्तीच्या मराठी पत्रकाच्याच प्रती काढ आणि जुन्या प्रती फाडून टाक. प्रश्न बदलला, फोनचा मजकूर बदलला, नवं केंद्र जोडलं, तर आधी दुरुस्ती-अर्ज आणि मग काम. वर्षभरानंतर प्रगती-अहवाल द्यायचा असतो. त्यात किती जणींनी नाही म्हटलं आणि किती फोन दुसऱ्याच कुणी उचलले, हेही लिही.